एक मृत्यू, दोन अहवाल

बाळंतपणात एखादी माता दगावली, की चोवीस तासांच्या आत शासकीय यंत्रणेत कागद हलू लागतात. आशा स्वयंसेविकेचा किंवा रुग्णालयाचा दूरध्वनी जातो, माहितीपत्रक भरले जाते, वरिष्ठ कार्यालयाकडून विचारणा होते. नातेवाइकांनी तक्रार केली असल्यास पोलीस ठाण्याचे पत्रही येते. या धावपळीत एकाच मृत्यूविषयी दोन वेगवेगळे अहवाल तयार व्हावयाचे असतात. पहिला सक्षम अधिकाऱ्याला सादर करावयाचा चौकशी अहवाल, आणि दुसरा मातामृत्यू अन्वेषणाचा अहवाल. प्रत्यक्षात पुष्कळ ठिकाणी एकच अहवाल लिहिला जातो आणि मथळा बदलून तो दोन ठिकाणी पाठविला जातो. वेळ वाचतो हे खरे, पण त्यामुळे दोन्ही अहवाल निकामी होतात. असे का होते, हे एका प्रकरणाच्या आधारे पाहता येईल.

मातामृत्यू म्हणजे काय, हे प्रथम स्पष्ट असले पाहिजे. गरोदरपणात अथवा गर्भावस्था संपल्यापासून ४२ दिवसांच्या आत, गरोदरपणाशी किंवा त्यावरील उपचारांशी संबंधित कारणाने झालेला मृत्यू हा मातामृत्यू होय. अपघाती मृत्यू यात मोडत नाहीत. केंद्र शासनाने अशा मृत्यूंच्या अन्वेषणासाठी २०१० मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या आणि २०१७ मध्ये त्या सुधारल्या. संस्थेत झालेल्या मृत्यूचे अन्वेषण संस्थेतील समिती करते. गावाच्या बाजूची माहिती घरी जाऊन, नातेवाइकांशी बोलून गोळा केली जाते. पुढे ही प्रकरणे जिल्हा समितीपुढे येतात आणि निवडक प्रकरणांचा आढावा खुद्द जिल्हाधिकारी घेतात. त्या वेळी मृत मातेच्या नातेवाइकांनाही बोलावले जाते. या साऱ्या पद्धतीचे सूत्र असे की, कोणाचे नाव घ्यावयाचे नाही आणि कोणावर ठपका ठेवावयाचा नाही. चौकशी अहवालाचे सूत्र नेमके याच्या उलट आहे. तेथे नाव, हुद्दा, कामाची वेळ आणि जबाबदारी यांवाचून अहवाल पुराच होत नाही.

दोन्ही सूत्रे आपापल्या जागी योग्य आहेत. अडचण उत्पन्न होते ती एकाच कागदावर दोन्ही आणल्याने.

एका रात्रीचा घटनाक्रम

उदाहरणासाठी एक प्रकरण घेऊ. हे कोणत्याही एका रुग्णालयाचे नाही. प्रसूतिपश्चात रक्तस्रावाच्या मृत्यूंमध्ये जे पुन्हा पुन्हा आढळते, त्यावरून ते रचलेले आहे.

तालुक्याच्या ठिकाणचे ग्रामीण रुग्णालय. तिसऱ्या खेपेची गरोदर स्त्री रात्री ११.२० ला दाखल झाली. माता-बाल संरक्षण कार्डावर रक्तगट ओ पॉझिटिव्ह आणि हिमोग्लोबिन ८.२ असे नोंदलेले होते. रात्री १.४० ला प्रसूती झाली, मूल सुखरूप होते. परिचारिकेने ताबडतोब ऑक्सिटोसिनचे १० युनिटचे इंजेक्शन स्नायूत दिले. १.५० ला वार पडली आणि रक्तस्राव सामान्य असल्याची नोंद झाली. त्यानंतरची नोंद २.२० ची आहे: अंगाखालची चादर भिजलेली, नाडी जलद. २.३० ला वैद्यकीय अधिकारी निवासस्थानातून आले. गर्भाशय चोळणे, सलाईनमधून ऑक्सिटोसिन, मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्या हे उपचार झाले. २.५० ला जिल्हा रुग्णालयात पाठविण्याचा निर्णय झाला आणि २.५५ ला १०८ क्रमांकावर दूरध्वनी केल्याचे केसपेपरवर लिहिलेले आहे. रुग्णवाहिका ३.४० ला आली, ३.५० ला निघाली आणि घाटाचा रस्ता ओलांडून ५.१० ला जिल्हा रुग्णालयात पोचली. रक्त ६.०० वाजता सुरू झाले. ६.४० ला मातेने प्राण सोडला.

दोन्ही अहवालांचा पाया हाच घटनाक्रम असतो. म्हणून कोणताही अहवाल लिहिण्यापूर्वी हा घटनाक्रम स्वतंत्र कागदावर मांडणे आणि प्रत्येक वेळेपुढे ती कोठून घेतली ते लिहिणे, हे पहिले काम होय. या प्रकरणात हे काम केल्यावर एक विसंगती पुढे आली. केसपेपरवर १०८ ला दूरध्वनी केल्याची वेळ २.५५ होती, १०८ सेवेच्या नोंदीत तीच वेळ ३.०७ होती. नातेवाइकांचा आरोप असा, की रुग्णालयाने दूरध्वनी उशिरा केला आणि कागदावर वेळ मागे घेतली. रुग्णालयाचे म्हणणे असे, की रुग्णवाहिकेने पाऊण तास लावला. प्रसूतिकक्षातील भिंतीवरचे घड्याळ तपासले, तेव्हा ते बारा मिनिटे मागे असल्याचे दिसले. याचा अर्थ असा, की त्या कक्षातील प्रत्येक नोंद बारा मिनिटे पुढे सरकते. रुग्णवाहिका पंचेचाळीस नव्हे, तेहेतीस मिनिटांत आली. आणि दोन्ही पक्षांचा एकमेकांवरील संशय बऱ्याच अंशी निराधार ठरतो.

ही दुरुस्ती दोन्ही अहवालांत जावी लागते. चौकशी अहवाल आधीच पाठविला गेला असेल, तर शुद्धिपत्र काढून ती कळवावी लागते. अन्वेषण गोपनीय आहे म्हणून त्यात उघड झालेली वस्तुस्थिती अधिकाऱ्यांपासून राखून ठेवणे हा गोपनीयतेचा अर्थ नव्हे. घडलेल्या गोष्टी दोन्हीकडे सारख्याच असतात. वेगळे असतात ते त्यांना विचारावयाचे प्रश्न.

चौकशी अहवालात काय असावे

ग्रामीण रुग्णालयाच्या वैद्यकीय अधीक्षकांनी जिल्हा शल्यचिकित्सकांना पाठवावयाच्या अहवालाचा वाचक हा निर्णय घेणारा अधिकारी आहे. कर्तव्यात कसूर झाली काय, पुढील कार्यवाही आवश्यक आहे काय आणि नातेवाइकांना काय उत्तर द्यावयाचे, हे त्याला ठरवावयाचे असते. उद्या हाच कागद पोलिसांकडे किंवा न्यायालयात जाऊ शकतो. म्हणून त्यातील प्रत्येक विधानामागे कागद किंवा सही केलेला जबाब असला पाहिजे. कामावर कोण होते, त्यांच्या नेमणुकीचा आदेश काय होता, कोणता उपचार कोणत्या वेळी झाला, रुग्णाला पाठविताना सोबत कोण गेले, शवविच्छेदन झाले की नाही आणि मूळ केसपेपर कोणाच्या ताब्यात आहे, एवढे त्यात नि:संदिग्धपणे यावे. जे अद्याप ठाऊक नाही, त्यापुढे ‘माहिती प्राप्त व्हावयाची आहे’ असे स्पष्ट लिहावे. पहिल्या चोवीस तासांत कारण निश्चित सांगता येत नसेल, तर तसे लिहिण्यात कमीपणा नाही. तर्काने लिहिलेले कारण मात्र पुढे कायमचे चिकटते.

या प्रकरणात चौकशी अहवालाला एक त्रुटी नोंदवावीच लागेल. प्रसूतीनंतरचे पहिले दोन तास दर पंधरा मिनिटांनी मातेची पाहणी व्हावयास हवी, १.५० नंतर २.०५ ची पाहणी झालेली नाही. अहवालाने एवढेच, याच शब्दांत सांगावे. ‘परिचारिकेने अक्षम्य निष्काळजीपणा केला’ हे वस्तुस्थितीचे निवेदन नसून निवाडा आहे आणि तो करण्याचा अधिकार अहवाल लिहिणाऱ्याला नाही. तसेच ‘रुग्णालयाची कोणतीही चूक नाही’ हेही वस्तुस्थितीचे निवेदन नव्हे.

येथे एक सावधगिरीची सूचना आवश्यक आहे. मृत्यूनंतर केसपेपर ‘पूर्ण’ करण्याची सवय सर्वत्र दिसते. गाळलेली २.०५ ची नोंद त्याच शाईने मधल्या जागेत बसविली जाते. अशी नोंद ओळखणे अवघड नसते: अक्षर दाटीचे होते, नाडी व रक्तदाबाचे आकडे आधीच्या नोंदीची हुबेहूब नक्कल असतात आणि शेजारच्या रुग्णाच्या कागदावर तीच परिचारिका त्याच मिनिटाला दुसरे काम करताना दिसते. एखादी गोष्ट खरोखरच राहून गेली असेल, तर आजची तारीख व वेळ घालून ‘उशिरा केलेली नोंद’ असे लिहावे आणि सही करावी. गाळलेली पाहणी ही त्रुटी ठरते. नंतर घुसविलेली पाहणी हा अपराध ठरू शकतो.

तेच प्रश्न नव्हेत

अन्वेषण समितीपुढे तोच घटनाक्रम येतो. मृत्यू जिल्हा रुग्णालयात झाला असल्याने समिती तेथील असते. पण ग्रामीण रुग्णालयातील मंडळींनाही बोलावल्याशिवाय तिचे काम होणार नाही. तिने विचारावयाचा प्रश्न ‘२.०५ ची पाहणी कोणी चुकविली?’ हा नाही. त्या माहितीसाठी समितीची गरजच नाही. कामावर एकच परिचारिका होती. विचारावयाचा प्रश्न असा: २.०५ ला ती परिचारिका कोठे होती, आणि तेथे असणे तिला त्या क्षणी योग्य का वाटले?

उत्तर साधे निघाले. शेजारच्या टेबलावर दुसरी स्त्री होती आणि तिच्या बाळाचे डोके दिसू लागले होते. रात्री दहानंतर प्रसूतिकक्षात एक परिचारिका आणि एक आया एवढीच माणसे असत. त्या क्षणी दुसऱ्या बाळाला सोडून कोणतीही परिचारिका पहिल्या टेबलाकडे गेली नसती, आणि गेली असती तर कदाचित दुसराच मृत्यू समितीपुढे आला असता. तिला ताकीद दिली काय किंवा तिची बदली केली काय, पुढच्या महिन्यात एका वेळी दोन बाळंतपणे आली की तिच्या जागेवरील दुसरी परिचारिका नेमके हेच करणार. समितीच्या दृष्टीने कामाची गोष्ट पुढेच आहे: या अर्ध्या तासात पहिल्या टेबलाजवळ आया आणि मातेची सासू अशी दोन माणसे होती. दोघींनी चादर भिजलेली पाहिली, आणि ‘बाळंतपणात एवढे जायचेच’ असे समजून त्या गप्प राहिल्या. गर्भाशय घट्ट आहे की सैल, हे पोटावर हात ठेवून कसे पाहावे आणि केव्हा हाक मारावी, हे आयेला कोणी शिकविलेले नव्हते.

रक्तस्राव डोळ्यांच्या अंदाजाने मोजला की तो हमखास कमी धरला जातो. अंगाखाली मापाच्या खुणा असलेली प्लास्टिकची पिशवी लावली, तर हा अंदाज शिल्लक राहत नाही. केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका व टांझानिया येथील रुग्णालयांत झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या प्रयोगात, अशा मोजमापाने रक्तस्राव लवकर ओळखून सर्व प्राथमिक उपचार एकाच वेळी सुरू केल्यास गंभीर परिणाम सुमारे साठ टक्क्यांनी घटल्याचे दिसून आले. चौकशी अहवालात या पिशवीचा उल्लेख येण्याचे कारण नाही, कारण ती वापरण्याचा आदेश त्या रुग्णालयाला नव्हता आणि आदेश नसलेल्या गोष्टीबद्दल कोणी जबाबदार धरला जात नाही. अन्वेषणात मात्र तो पहिल्या पानावर यावयास हवा.

पुराव्याची पातळी

दोन अहवालांतील सर्वांत मोठा फरक ऑक्सिटोसिनच्या बाबतीत दिसतो. चौकशी अहवालातील नोंद अशी: ‘प्रसूतीनंतर ताबडतोब ऑक्सिटोसिन १० युनिट देण्यात आले.’ हे विधान खरे आहे, नियमाला धरून आहे, आणि तेथे हा विषय संपतो.

समितीमधील औषधनिर्मात्याने विचारले, की इंजेक्शनची कुपी कोठून घेतली. ती कक्षातील औषधांच्या ट्रेमधून घेतली होती. ट्रे आठवड्याला एकदा भरला जाई. ऑक्सिटोसिन २ ते ८ अंश सेल्सिअस तापमानात ठेवावयाचे असते. उष्णतेने त्याची शक्ती घटते आणि घटल्याचे कुपीकडे पाहून कळत नाही. रुग्णालयात शीतकपाट होते, पण ते औषध भांडारात, आणि भांडार सायंकाळी कुलूपबंद होई. म्हणून कोणीतरी, बहुधा चांगल्याच हेतूने, आठवड्याच्या कुप्या बाहेर काढून ठेवण्याचा प्रघात पाडला होता. महिना एप्रिलचा होता.

त्या रात्रीच्या कुपीतील औषध कमजोर झाले होते काय? हे आता कोणीही सांगू शकत नाही. कुपी फेकली गेली आहे, आणि चांगल्या औषधानेही काही वेळा गर्भाशय सैलच राहते. त्यामुळे चौकशी अहवालात ‘औषध खराब होते’ असे लिहिणे चुकीचे ठरेल. सिद्ध न होणारा आरोप त्यात येऊ नये. परंतु अन्वेषणाला सिद्धतेची वाट पाहण्याचे कारण नाही. मृत्यूचे कारण ते असो वा नसो, उन्हाळ्यात आठवडाभर ट्रेमध्ये पडलेले ऑक्सिटोसिन पुढील मातेला देऊ नये, एवढे ठरविण्यास शक्यता पुरेशी आहे. जबाबदारी निश्चित करण्यासाठी पुरावा लागतो. कपाटाची जागा बदलण्यासाठी वाजवी शंका पुरते. दोन्ही एकाच अहवालात असतील, तर अधीक्षक शंका लिहिणारच नाहीत, कारण लिहिलेली शंका उद्या कबुलीजबाब म्हणून वाचली जाईल. आणि न लिहिलेल्या शंकेमुळे ट्रे तसाच राहील.

जिल्हा रुग्णालयातील ५.१० ते ६.०० या पन्नास मिनिटांबाबतही असेच झाले. चौकशीत तेथे कोणताही दोष निघाला नाही: रुग्ण आली, नमुना घेतला, जुळणी झाली, रक्त लावले. अन्वेषणात मात्र असे दिसले, की रक्तगट कार्डावर असूनही निघताना जिल्हा रुग्णालयाला कोणी दूरध्वनी केला नव्हता. मागणीचा अर्ज ती पोचल्यावर भरला गेला आणि तो घेऊन नातेवाइकाला दुसऱ्या इमारतीतील रक्तपेढी शोधावी लागली. जुळणीसाठी रुग्णाचा नमुना लागतोच, म्हणून सगळी पन्नास मिनिटे वाचली असती असे म्हणता येणार नाही. पण अर्ज, माणूस आणि त्या गटाच्या पिशव्या तयार राहू शकल्या असत्या. दूरध्वनी का केला नाही, तर कोणाला करावयाचा हे ठाऊक नव्हते. भिंतीवर लिहिलेला क्रमांक कार्यालयाचा होता आणि तो रात्री कोणी उचलत नसे.

मिसळ झाल्याची लक्षणे

अन्वेषणाचा अहवाल खरोखर अन्वेषणाचा आहे की मथळा बदललेली चौकशी आहे, हे त्याच्या शेवटच्या परिच्छेदावरून ओळखता येते. ‘संबंधितांना यापुढे दक्षता घेण्याच्या सूचना देण्यात आल्या आहेत’ हे वाक्य तेथे असेल, तर समितीला काही सापडले नाही असे खुशाल समजावे. प्रसूतिकक्षात एकट्या असलेल्या परिचारिकेजवळ आणखी दक्षता कोठून येणार? दुसरे लक्षण म्हणजे कारणाच्या रकान्यातील ‘हृदयक्रिया बंद पडल्याने मृत्यू’. हृदयक्रिया प्रत्येकाचीच बंद पडते. तिसरे लक्षण, ‘नातेवाइकांनी रुग्णास उशिरा आणले’ एवढ्यावरच थांबलेला अहवाल. सेरीन थॅडियस आणि डेबोरा मेन यांनी १९९४ मध्ये मांडलेल्या तीन विलंबांच्या कल्पनेत उपचार घेण्याचा निर्णय, दवाखान्यापर्यंतचा प्रवास आणि दवाखान्यातील उपचार अशा तिन्ही ठिकाणचा विलंब पाहावयाचा असतो. सरकारी कागदांत पहिला विलंब नेहमी ठळक आणि तिसरा नेहमी पुसट दिसतो. याचे कारण कागद कोण लिहितो यात आहे.

उलट बाजूची मिसळही घातक आहे. समितीपुढे परिचारिकेने मोकळेपणाने सांगितलेल्या गोष्टीवरून तिलाच कारणे दाखवा नोटीस गेली, तर त्या जिल्ह्यात पुढील अन्वेषणात कोणी काही सांगत नाही. त्याहून वाईट म्हणजे मृत्यूच झाकण्याकडे कल होतो. मृत्यू आपल्या संस्थेत मोजला जाऊ नये म्हणून हाताबाहेर गेलेली रुग्ण शेवटच्या क्षणी पुढे पाठविली जाते, किंवा गरोदरपणाचा उल्लेख गाळून दुसरेच कारण लिहिले जाते. आपल्याकडील पद्धतीत आढावा घेणारे जिल्हाधिकारी व आरोग्य अधिकारी हेच शिक्षेचाही अधिकार राखून असल्याने हा धोका कायमच राहणार. म्हणून बैठकीत येणाऱ्या सारांशात नावांऐवजी हुद्दे असावेत आणि त्या सारांशाची प्रत कोणाच्याही सेवा अभिलेखात जाऊ नये, ही पथ्ये तंतोतंत पाळावी लागतात.

इंग्लंड व वेल्समध्ये १९५२ पासून मातामृत्यूंचे गोपनीय अन्वेषण चालू आहे. राष्ट्रीय पातळीवरील परीक्षकांपुढे कागद जाण्यापूर्वी त्यातील माता, कर्मचारी व रुग्णालय यांची ओळख काढून टाकली जाते. अपमृत्यूची न्यायिक चौकशी होणे असेल तर ती स्वतंत्रपणे चालते; एक चौकशी दुसरीला थांबवीत नाही. भारतात केरळमध्ये प्रसूतिशास्त्र तज्ज्ञांच्या संघटनेने २००४ पासून अशीच गोपनीय समीक्षा चालविली आहे. तीत रक्तस्राव हे प्रमुख कारण म्हणून पुढे आले आणि त्यावर उपचारांचे ठरीव टप्पे व त्यांची तालीम यांवर भर देण्यात आला.

गोपनीयतेच्या मर्यादा

नावे न घेणे म्हणजे सर्वांना माफी नव्हे. कामावर असूनही गैरहजर राहणे, उपचारासाठी पैसे मागणे, नोंदी बदलणे असे काही अन्वेषणात आढळले, तर समितीने तो मुद्दा तेथेच थांबवून सक्षम अधिकाऱ्याकडे सोपवावा आणि बाकीचे अन्वेषण पुढे चालू ठेवावे. अशा मुद्द्यावर समितीने स्वतः उलटतपासणी सुरू केली, की ती अन्वेषण समिती राहत नाही. हा नियम पहिल्या बैठकीच्या आरंभीच, सर्वांसमक्ष सांगितलेला असावा; बोलून झाल्यावर तो कळला तर ती फसवणूक होते.

दुसरी मर्यादा कायद्याची आहे. मार्गदर्शक सूचना म्हणजे कायदा नव्हे, आणि प्रशासकीय सूचनेने दिलेली गोपनीयता न्यायालयाला बांधून ठेवीत नाही. म्हणून ‘हा कागद कोणी कधीच पाहणार नाही’ असे आश्वासन कोणाला देऊ नये. अन्वेषणाचा अहवाल असा लिहावा, की तो उद्या उघड झाला तरी त्यात चौकशी अहवालाशी विसंगत अशी एकही वस्तुस्थिती सापडणार नाही. सापडतील ती फक्त अधिक कारणे आणि अधिक शंका, शंका म्हणूनच लिहिलेल्या.

गावाकडची बाजू

मातेच्या घरी जाऊन केलेल्या पाहणीत असे कळले, की दुपारी कळा सुरू झाल्या होत्या, पण पती ऊसतोडीला गेलेला असल्याने घरातील मंडळी रात्रीपर्यंत थांबली. ही माहिती ग्रामपंचायतीच्या उपयोगाची आहे आणि तीच सर्वांत सहज दुरुपयोगात येते. लहान गावात नाव गाळले तरी घर ओळखू येते. ग्रामसभेत ‘अमक्या घराने उशीर केला’ असे वाचून दाखविले, तर पुढच्या मृत्यूच्या वेळी त्या गावात चौकशीला गेलेल्या आरोग्य सेविकेपुढे दारे बंद होतील. सरपंचांनी किंवा शाळेतील शिक्षकांनी तेथे मांडावयाचे ते एवढेच, की हंगामात घरचे पुरुष बाहेरगावी असतात, अशा वेळी गरोदर स्त्रीसोबत कोण जाणार आणि १०८ ला दूरध्वनी कोण करणार हे आठव्या महिन्यातच ठरलेले असावे; आणि अशा घरांची यादी आशा स्वयंसेविकेकडे असावी.

ग्रामीण रुग्णालयाच्या बाजूने समितीने चार गोष्टी लिहिल्या. शीतकपाट प्रसूतिकक्षात हलविणे, रात्रीच्या आयेला गर्भाशय तपासण्यास शिकविणे, जिल्हा रुग्णालयाच्या प्रसूतिकक्षाचा रात्री उचलला जाणारा क्रमांक भिंतीवर लावणे आणि घड्याळ दर सोमवारी १०८ च्या वेळेशी जुळविणे. प्रत्येकीपुढे हुद्दा व तारीख घातली. तीन महिन्यांनी पडताळणी करावयाची ती कागद मागवून नव्हे. रात्री दोन वाजता त्या क्रमांकावर दूरध्वनी करून, आणि शीतकपाट उघडून.